रॅशनल फंक्शनचा कर्व्ह दरवेळी फसतोय? f(x) = (x-1)/x^2 घेऊन एकेक गोष्ट तपासू

पुण्यात फर्स्ट इयर इंजिनिअरिंगच्या पोरांना मॅथ्स शिकवतो. बॅच बदलते, पेपरचा पॅटर्न बदलतो, पण कर्व्ह स्केचिंगच्या वह्यांमधल्या चुका मात्र त्याच. डेरिव्हेटिव्ह बरोबर असतो, असिम्टोट बरोबर असतात, इंटरसेप्टही बरोबर, आणि तरी शेवटी जे चित्र निघतं त्याचा वरच्या गणिताशी काही संबंध नसतो. म्हणून हे एकदाच सगळं लिहून ठेवतोय. फंक्शन मुद्दाम छोटं घेतलंय, कारण या एवढ्याशा फंक्शनमध्ये जवळपास सगळे घोळ सापडतात.

लक्षणं

यातलं एखादं जरी तुमच्या वहीत दिसत असेल तर पुढे वाचा.

- x = 0 पाशी "मिनिमम" असं लिहिलंय, पण त्या मिनिममची व्हॅल्यू काढायला गेलं की खाली शून्य येतं.
- डावीकडची शाखा चढती काढलीय, आणि तरी ती y-अक्षापाशी खाली मायनस इन्फिनिटीला पोचवलीय. मग मध्येच कुठेतरी एक वळण घुसडलंय, ज्याचा गणितात पत्ताच नाही.
- x-अक्ष हा असिम्टोट आहे म्हणून कर्व्ह त्याला शिवूच द्यायचा नाही असं ठरवलंय, पण x-इंटरसेप्ट मात्र 1 आलाय. आता काय करायचं ते कळत नाहीये.
- मॅक्सिमम मिळाला, इन्फ्लेक्शन पॉइंटपण मिळाला, पण दोन्ही कागदावर एकाच जागी बसतायत. मोबाइलवर ग्राफ काढला तर मॅक्सिममच दिसत नाही, कर्व्ह अक्षावर झोपलेला.

आता तपासणी. सोप्यापासून अवघडाकडे जातोय, आणि क्रम बदलू नका. बहुतेक जण थेट सेकंड डेरिव्हेटिव्हवर उडी मारतात आणि अर्धा तास घालवल्यावर कळतं की चूक पहिल्या ओळीत होती.

१. अंश आणि छेदाचे फॅक्टर पाडा

अर्ध्या मिनिटाचं काम आहे. वर आणि खाली एकच फॅक्टर असेल तर तिथे असिम्टोट नसतो (निदान तो फॅक्टर पूर्ण कटला तर), तिथे नुसतं भोक असतं, म्हणजे कर्व्हमधला एक बिंदू गायब. आपल्या (x-1)/x^2 मध्ये असं काही नाही, पण पेपर सेट करणाऱ्याने हेच फंक्शन (x^2-3x+2)/(x^3-2x^2) असं दिलं तर? वर (x-1)(x-2), खाली x^2(x-2). (x-2) कटतो, उरतं आपलंच फंक्शन, फक्त x = 2 ला भोक. आणि पुढे दिसेल की आपला मॅक्सिमम नेमका x = 2 लाच आहे, म्हणजे या दुसऱ्या फंक्शनला लोकल मॅक्सिममच नाही, व्हॅल्यू 1/4 च्या पाहिजे तितकी जवळ जाते पण पोचत नाही. फॅक्टर न पाडता ज्याने गणित केलं तो x = 2 ला उभा असिम्टोट काढून मोकळा होतो आणि पुढचं सगळं वाया.

२. फंक्शनची स्वतःची साइन

ही पायरी सगळे गाळतात, कारण लेक्चरला डेरिव्हेटिव्हच्या साइनवर एवढा जोर असतो की फंक्शनला स्वतःची साइन असते हेच विसरायला होतं. खरं तर सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते.

छेद x^2, तो शून्य सोडून कायम पॉझिटिव्ह. म्हणजे f ची साइन फक्त (x-1) ठरवतो. x 1 पेक्षा मोठा असेल तर कर्व्ह अक्षाच्या वर, लहान असेल तर खाली. x = 1 ला अक्ष ओलांडतो. y-इंटरसेप्ट नाहीच, x = 0 डोमेनमध्येच नाही.

यातूनच कळतं की x = 0 च्या दोन्ही बाजूंना f निगेटिव्ह आहे, म्हणजे उभ्या असिम्टोटपाशी डावीकडूनही आणि उजवीकडूनही कर्व्ह खालीच जाणार. "एका बाजूला वर, एका बाजूला खाली" हे 1/x चं चित्र डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की पोरं सवयीने तेच काढतात. छेदातल्या त्या फॅक्टरचा घात विषम असेल तरच बाजू बदलते. सम असेल तर दोन्ही शाखा एकाच दिशेला. इथे घात 2 आहे, विषय संपला.

३. लांब गेल्यावर काय होतं

x खूप मोठा झाला की (x-1)/x^2 हे 1/x सारखंच वागतं. म्हणजे y = 0 हा आडवा असिम्टोट. पण नुसतं "y = 0" लिहून थांबू नका, कोणत्या बाजूने ते लिहा: उजवीकडे लांब गेलं की वरून, डावीकडे लांब गेलं की खालून. f(10) = 0.09 आणि f(-10) = -0.11, एवढं कॅल्क्युलेटरवर टाकून बघितलं तरी पुरे.

आणि असिम्टोटला शिवायचं नाही हा नियम उभ्या असिम्टोटसाठी आहे, कारण तिथे फंक्शनच नसतं. आडवा असिम्टोट फक्त इन्फिनिटीकडचं वागणं सांगतो, मध्ये कर्व्ह त्याला कितीही वेळा ओलांडू शकतो. ओलांडतो का ते बघायला f(x) = 0 सोडवा (असिम्टोट y = L असेल तर f(x) = L). इथे उत्तर x = 1, म्हणजे एकदाच ओलांडतो.

अंशाची डिग्री छेदापेक्षा एकने जास्त असेल तर भागाकार करून तिरपा असिम्टोट काढा, बाकी विचार हाच.

४. चित्राला काय "लागणारच आहे" ते आधी ठरवा

इथे डेरिव्हेटिव्हला अजून हातही लावायचा नाही. वर जेवढं मिळालं तेवढ्यावरूनच बघा. x = 0 च्या उजवीकडे कर्व्ह खालून, मायनस इन्फिनिटीतून वर येतो, x = 1 ला अक्ष ओलांडून वर जातो, आणि शेवटी वरून अक्षाकडे परत येतो. वर गेला आणि परत शून्याकडे आला, म्हणजे मध्ये कुठेतरी मॅक्सिमम असायलाच पाहिजे. तो 1 च्या उजवीकडेच असणार.

आणखी एक. मॅक्सिममपाशी कर्व्ह पालथ्या वाटीसारखा असतो. तसाच पालथा राहून खाली येत गेला तर तो जास्त जास्त वेगाने उतरणार आणि अक्ष फोडून खाली जाणार. पण त्याला तर अक्षाला वरून चिकटायचंय, म्हणजे उतार कमी कमी व्हायला हवा, म्हणजे वाटी कुठेतरी सुलटी व्हायलाच हवी. म्हणजे मॅक्सिममच्या उजवीकडे किमान एक इन्फ्लेक्शन पॉइंट नक्की आहे.

डावीकडची शाखा? ती अक्षाच्या किंचित खालून निघते आणि मायनस इन्फिनिटीला जाते. नुसती उतरत गेली, पालथी राहून गेली, तरी भागतं. तिथे कशाचीच सक्ती नाही.

एवढं कच्चं चित्र पेन्सिलने बाजूला काढून ठेवा. आता डेरिव्हेटिव्हमधून जे येईल ते या चित्राशी जुळलं पाहिजे, आणि नाही जुळलं तर गणितात चूक आहे हे तिथल्या तिथे कळेल, उत्तरपत्रिका हातात आल्यावर नाही.

५. फर्स्ट डेरिव्हेटिव्हची साइन

इथे खरे अपघात होतात, म्हणून जरा सावकाश.

क्वोशंट रूल लावला की येतं (x^2 - 2x(x-1))/x^4, म्हणजे (2x - x^2)/x^4. काही जण इथेच थांबतात, वरचा भाग शून्य करतात आणि "x = 0 आणि x = 2 हे क्रिटिकल पॉइंट" असं लिहितात. मग साइन बघतात: 0 च्या डावीकडे मायनस, उजवीकडे प्लस. मायनसमधून प्लस झालं, म्हणून मिनिमम! लक्षणांमधलं पहिलं लक्षण ते हेच. अरे पण x = 0 ला फंक्शनच नाही, मिनिमम कशाचा? f' ची साइन बदलणं पुरेसं नाही, तो बिंदू डोमेनमध्ये असावा लागतो आणि तिथे फंक्शन तुटलेलं नसावं लागतं.

दुसरे काही जण पुढे जातात, एक x कापतात आणि बरोबर (2-x)/x^3 लिहितात. आणि मग डोक्यात बसलेलं वाक्य बाहेर येतं की "डेरिव्हेटिव्हचा छेद स्क्वेअर असतो, तो पॉझिटिव्ह, फक्त अंश बघा". कापल्यावर तो x^3 झालाय हे लक्षातच येत नाही! मग x < 2 असताना सगळीकडे चढता, असं उत्तर येतं, आणि डावी शाखा चढती निघते. दुसरं लक्षण म्हणजे हेच. क्रमांक चारमधलं कच्चं चित्र काढलेलं असेल तर ही चूक लगेच पकडली जाते, कारण शून्याच्या जवळून निघून मायनस इन्फिनिटीला जाणारी शाखा चढती असूच शकत नाही. खात्री करायची तर x = -1 टाका: f' = 3/(-1) = -3. उतरती.

साइनचा तक्ता करताना एकच नियम पाळा: छेद शून्य होतो ते बिंदू तक्त्यात असलेच पाहिजेत, आणि त्यांच्यापुढे शून्य न लिहिता फुली मारा. साइन तिथेही बदलू शकते, पण तिथे उत्तर म्हणून काही मिळत नाही.

```
        x<0    0    0<x<2    2    2<x<3    3    x>3
f'       -     ×      +      0      -      -     -
f''      -     ×      -      -      -      0     +
```

f' ची ओळ आत्ता बघा. x = 2 ला प्लसमधून मायनस, मॅक्सिमम, व्हॅल्यू f(2) = 1/4. कच्च्या चित्रात म्हटलं होतं तसा तो 1 च्या उजवीकडेच निघाला.

६. सेकंड डेरिव्हेटिव्ह

परत क्वोशंट रूल लावू नका, हात जोडतो. अर्ध्या चुका त्या दुसऱ्या क्वोशंट रूलमध्येच होतात. छेदात नुसता x चा घात असेल तर तोडून लिहा: f = x^(-1) - x^(-2). मग f' = -x^(-2) + 2x^(-3) आणि f'' = 2x^(-3) - 6x^(-4), म्हणजे 2(x-3)/x^4. दोन ओळींचं काम. छेदात x^2+1 वगैरे असेल तर ही सोय नाही, तिथे क्वोशंट रूलच, पण लावल्यावर आधी कॉमन फॅक्टर बाहेर काढा आणि मग कंस सोडवा.

आता छेद खरंच x^4 आहे, कायम पॉझिटिव्ह, त्यामुळे साइन (x-3) वर. x < 3 असताना, म्हणजे 0 च्या दोन्ही बाजूंना, वाटी पालथी. x > 3 ला सुलटी. इन्फ्लेक्शन पॉइंट (3, 2/9). एकच. मॅक्सिममच्या उजवीकडे, जिथे लागणार म्हणून आपण आधीच म्हटलं होतं तिथे.

f'' = 0 मिळालं की लगेच इन्फ्लेक्शन लिहायचं नाही, साइन बदलते का ते बघायचं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दुसरी अर्धी गोष्ट कमी जण पाळतात: उभ्या असिम्टोटच्या पलीकडे वाटी बदलली तरी तो इन्फ्लेक्शन पॉइंट नसतो, कारण तिथे बिंदूच नाही. 1/x घ्या, डावीकडे पालथी, उजवीकडे सुलटी, आणि इन्फ्लेक्शन पॉइंट शून्य.

इन्फ्लेक्शन पॉइंट नीट काढायची एक युक्ती सांगतो, ही बॅचमध्ये सगळ्यांना आवडते. तिथला उतार काढा: f'(3) = -1/27. टॅन्जंट म्हणजे y = (9-x)/27, जी x-अक्षाला 9 वर भेटते. म्हणजे (3, 2/9) आणि (9, 0) या दोन बिंदूंवर पट्टी ठेवा आणि अगदी फिकट रेघ ओढा. 3 च्या डावीकडे कर्व्ह रेघेच्या खाली, उजवीकडे रेघेच्या वर, आणि नेमका 3 ला रेघेला चिकटून पलीकडे जातो. पडताळा हवाय? x = 4 ला कर्व्ह 3/16 म्हणजे 0.1875 वर, आणि रेघ 5/27 म्हणजे साधारण 0.185 वर. फरक अगदी बारीक आहे, पण बाजू बरोबर आहे. इन्फ्लेक्शन पॉइंट म्हणजे कर्व्हने तिथे एक "खटका" खायचा असं समजून जे कोपरे काढतात, त्यांचे कोपरे या रेघेने बंद होतात.

७. सगळं बरोबर आहे, तरी चित्र विचित्र: स्केल

चौथं लक्षण. इथे गणितात चूक नसते, कागदात असते. मॅक्सिमम 0.25 उंचीवर, इन्फ्लेक्शन साधारण 0.222 वर, दोघांच्या उंचीत फरक 1/36. ग्राफ पेपरवर १ सेंटिमीटर म्हणजे एक युनिट घेतलं तर मॅक्सिमम अक्षाच्या अडीच मिलिमीटर वर येतो आणि इन्फ्लेक्शन त्याच्यापेक्षा पाव मिलिमीटरच्या आसपास खाली. तुमच्या ०.५ च्या लीड पेन्सिलची रेघच त्यापेक्षा जाड! मग ते दोन बिंदू वेगळे दिसणार कसे. आणि y ची स्केल वाढवून १ सेंटिमीटरला 0.1 घ्यावं तर f(-1) = -2 हा बिंदू अक्षाच्या २० सेंटिमीटर खाली जातो, म्हणजे A4 ग्राफ पेपरचा बराचसा भाग त्याच्यातच संपला.

उपाय दोन. प्रश्नात "स्केच" म्हटलं असेल तर स्केलचा हट्टच सोडा, मॅक्सिमम मुद्दाम ठसठशीत फुगवून काढा आणि (1, 0), (2, 1/4), (3, 2/9) हे बिंदू आकडे घालून दाखवा. तपासणारा आकार आणि आकडे बघतो, मिलिमीटर मोजत नाही. आणि खरोखर प्लॉट करायचं असेल तर दोन चित्रं काढा, एक पूर्ण, आणि शेजारी फक्त x = 1 ते 10 चा भाग y ची स्केल मोठी करून. मोबाइलवर जिओजेब्रा किंवा तसलं काही वापरत असाल तर आधी विंडो बदला: x साठी 0 ते 12, y साठी -0.1 ते 0.3. मग उंचवटा दिसतो. विंडो न बदलता "सर, तुमचा मॅक्सिमम चुकलाय" असा मेसेज रात्री साडेअकराला पाठवू नये एवढीच विनंती.

कुठे थांबायचं आणि कोणाला विचारायचं

वरच्या फंक्शनमध्ये सगळे आकडे सुबक आले. नेहमी येत नाहीत. (x-1)/(x^2+1) घेतलं तर f'' च्या अंशात x^3 - 3x^2 - 3x + 1 येतं, त्याचा एक रूट -1 लगेच सापडतो आणि उरलेले 2 ± √3. छान. पण वर 1 च्या जागी 2 केलं, (x-2)/(x^2+1), की x^3 - 6x^2 - 3x + 2 येतं, आणि याचा एकही रॅशनल रूट नाही. ±1 आणि ±2 टाकून बघा, चारही फेल. इथे पोरं परत परत डेरिव्हेटिव्ह काढत बसतात, कारण त्यांना वाटतं चूक झालीय. चूक नाहीये. थांबा.

इथे क्रमांक चार कामाला येतो. हा कर्व्ह डावीकडून अक्षाच्या खालून येतो, मिनिमम (x = 2 - √5) करून चढतो, 2 ला अक्ष ओलांडतो, मॅक्सिमम (x = 2 + √5) करतो आणि वरून अक्षाला टेकतो. मिनिममच्या डावीकडे एक इन्फ्लेक्शन लागणार, दोघांच्या मध्ये एक, मॅक्सिममच्या उजवीकडे एक. कमीत कमी तीन. आणि क्युबिकला जास्तीत जास्त तीन रूट. म्हणजे बरोबर तीन, समीकरण न सोडवता! नेमके कुठे हे साइनवरून सांगा: क्युबिकची व्हॅल्यू -1 ला -2 आणि 0 ला 2, 1 ला -6, 6 ला -16 आणि 7 ला 30. म्हणजे एक -1 आणि 0 च्या मध्ये, एक 0 आणि 1 च्या मध्ये, एक 6 आणि 7 च्या मध्ये. स्केचसाठी एवढं पुरतं.

दशांशापर्यंत पाहिजे असतील तर न्यूटन-रॅफसन लावा किंवा कॉम्प्युटरवर काढा, हाताने क्युबिकच्या फॉर्म्युल्याच्या नादी लागू नका. f'' चा अंश चौथ्या-पाचव्या डिग्रीचा झाला आणि फॅक्टर पडत नसतील तर तेही हाताने सोडवायचं काम नाही, कॉलेजच्या सरांना किंवा मॅडमना थेट विचारा की इन्फ्लेक्शन अपेक्षित आहेत का, कारण पुष्कळदा नसतात. प्रश्नात a, b असले अक्षरी आकडे असतील आणि त्यांच्या साइनवर चित्र बदलत असेल तरी विचारा. आणि कच्चं चित्र आणि डेरिव्हेटिव्हचा तक्ता दोनदा तपासूनही जुळत नसतील तर तिसऱ्यांदा एकट्याने तपासू नका, वही दुसऱ्या कोणाला तरी द्या, बहुतेक वेळा एखादी मायनसची साइन एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जाताना गळलेली असते आणि ती स्वतःच्या अक्षरात स्वतःला दिसत नाही.